आमची वाटचाल : स्पीकरपासून प्रेक्षकांपर्यंत

आमच्या फर्मची सुरुवात वडिलांनी मिरजेत केली ती भाड्याच्या स्पीकर-माइकवर. मैफल असो की वाढदिवस, वायर टाकायची, मॉनिटर लावायचे, गवई मंचावर बसले की आवाज जुळवून द्यायचा, एवढंच काम. २०२० मध्ये कार्यक्रमच थांबले आणि पुन्हा सुरू झाले तेव्हा आयोजक वेगळंच विचारू लागले, "साउंड तुमचा चांगलाच आहे हो, पण माणसं कशी जमवायची?" तेव्हापासून फेसबुक-इन्स्टाग्रामवरची छोटी जाहिरातही आम्हीच लावून देतो. एका मंडळाच्या दिवाळी पहाटेचं काम कसं केलं ते सांगतो, म्हणजे आमची पद्धत कळेल.

सभागृह साडेतीनशे खुर्च्यांचं, प्रवेशिका दोनशे रुपये, जाहिरातीला चार हजार. मंडळाच्या पानावरच्या पोस्टला 'बूस्ट' करा, असा सेक्रेटरींचा आग्रह होता. त्या बटणाने झटपट काम होतं, पण लाइक मोजून खुर्च्या भरत नाहीत. आम्ही अ‍ॅड्स मॅनेजरमधून जाहिरात लावली आणि तिचा उद्देश ठेवला व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश मिळवणं. जो "प्रवेशिका आहेत का" विचारतो, तो निदान यायच्या विचारात तरी असतो.

सगळ्यात जास्त वेळ लागला तो प्रेक्षक ठरवायला. शहराभोवती चाळीस किलोमीटरचं वर्तुळ धरलं तर जाहिरात इचलकरंजीपर्यंत जाते, आणि पहाटे साडेपाचच्या गाण्याला तिथून कोण निघणार? आम्ही सभागृहावर पिन टाकून बारा किलोमीटर धरले. त्यात मिरज, सांगली, कुपवाड येतात. वय पस्तिसच्या पुढे. इथे एक लक्षात ठेवावं लागतं. प्रेक्षक आपोआप शोधण्याची सोय चालू राहिली तर आपण दिलेलं वय ती फक्त सूचना म्हणून घेते, म्हणून ती बंद करून मर्यादा पक्की केली. शास्त्रीय संगीताची आवड वगैरे गाळण्या लावल्या नाहीत. एवढ्याशा वर्तुळात आणखी चाळण लावली तर दाखवायला माणसंच उरत नाहीत.

"भाषा मराठी निवडा की," सेक्रेटरी म्हणाले. ते मात्र आम्ही टाळलं. ती निवड माणूस घरी काय बोलतो हे बघत नाही, त्याचं खातं कोणत्या भाषेत आहे ते बघते. अस्सल नाट्यसंगीतवेडे काकासुद्धा फेसबुक इंग्रजीत वापरतात, ते सगळे गळाले असते.

चार हजार रुपये रोजचे न ठेवता सात दिवसांचं एकत्रित बजेट ठेवलं, शेवटचा दिवस कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीचा. जाहिरातीच्या रकमेवर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे आणखी सातशेवीस रुपये लागतात. हे आयोजकाला आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर हिशेबाला बसल्यावर तोंडं वाकडी होतात. जाहिरातीची जागा लिलावाने मिळते, आणि दिवाळीत सराफ, कापडवाले, मोबाइलवाले सगळेच बोली लावत असल्यामुळे तेवढ्याच पैशांत एरवीपेक्षा कमी लोकांपर्यंत पोचता येतं. म्हणून पैसे चार गटांत वाटले नाहीत. गट एकच, त्यात दोन चित्रं.

मंडळाने पाठवलेल्या पोस्टरवर सगळे गायक-वादक, निवेदक आणि खाली प्रायोजकांच्या चिन्हांची रांग होती. चौकातल्या फ्लेक्सवर ते शोभतं, मोबाइलवर मुंग्या दिसतात. आम्ही आदल्या वर्षीचे फोटो काढले. एकात गायिका डोळे मिटून तान घेतेय, दुसऱ्यात हार्मोनियमवरची बोटं. गायिकेची परवानगी घेतली. आकार १०८० बाय १३५०, वर फक्त तारीख, वेळ, ठिकाण. स्टोरीसाठी उभी प्रत वेगळी केली, कारण तिथे वरचा भाग खात्याच्या नावाखाली आणि खालचा बटणाखाली झाकला जातो.

मजकुरावर खरा वाद झाला. मंडळाचा मसुदा "सालाबादप्रमाणे यंदाही रसिकांच्या आग्रहास्तव" असा सुरू होत होता. मोबाइलवर पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकी सगळं 'आणखी पहा'च्या मागे जातं. शेवटी असं ठरलं :

"नरकचतुर्दशी, पहाटे ५.३०, मिरज. नाट्यसंगीत आणि अभंग. प्रवेशिका २०० रुपये, फराळासह. जागेसाठी व्हॉट्सअ‍ॅप करा."

'सालाबादप्रमाणे' खाली ठेवलं, अध्यक्षांचा मानही राहिला.

जाहिरात सुरू झाल्यावर रोज दोन गोष्टी बघतो. एक, तीच जाहिरात एका माणसाला सरासरी किती वेळा दिसली. हा आकडा तीनच्या पुढे गेला आणि संदेश आटले, तर फोटो बदलायचा. दुसरी, लोक विचारतात काय. "कुठे आहे, किती वाजता" असे प्रश्न येत राहिले तर मजकुरात खोट आहे. या वेळी विचारणा होत होती ती "पुढच्या रांगेतल्या चार मिळतील का?" आणि "आईला जिना चढवत नाही, लिफ्ट आहे का?" अशी. लिफ्टचं उत्तर आम्ही तिसऱ्या दिवशी मजकुरातच घातलं.

उत्तरं द्यायला मंडळाचा एक माणूस रात्री दहापर्यंत बसवायला लावतो, ही आता आमची अटच आहे. जाहिरातीचे पैसे आयोजकाच्याच खात्यातून जातात, आमची मजुरी साउंडच्या बिलात वेगळ्या ओळीवर लागते.