गच्चीवरचा टॉवर : दुसऱ्यांदा सही करताना

२०१० साली वडिलांनी जेल रोडच्या आमच्या घराची गच्ची मोबाइल टॉवरला दिली. करार अकरा पानांचा होता आणि त्यातल्या दोनच गोष्टी त्यांनी वाचल्या होत्या : महिना ८,००० रुपये, आणि दर तीन वर्षांनी १५ टक्के वाढ. आठ वर्षं पैसे वेळेवर आले. २०१८ च्या ऑगस्टमध्ये भाडं थांबलं, तेव्हा ते १०,५८० झालं होतं. फोन केला की ‘अकाउंट्सला सांगतो’ असं उत्तर मिळायचं, मग तेही बंद झालं. वडील तोवर गेले होते. करार मीच पहिल्यांदा नीट वाचला, आणि तो वाचायची वेळ फार उशिरा आली होती.

कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली होती. मला वाटलं, भाडं थकलंय तर टॉवर उतरवून घेऊ. वकील मॅडमनी थांबवलं. दिवाळखोरीची केस दाखल करून घेतली की कायद्याने मोरेटोरियम लागतो, आणि त्या काळात कंपनीच्या ताब्यातली जागा खुद्द मालकालाही परत घेता येत नाही. म्हणजे गच्ची माझी, भाडं शून्य, आणि हात लावला तर गुन्हेगार मीच! केस सुरू होईपर्यंतच्या नऊ महिन्यांचे ९५,२२० रुपये येणे आहेत असा दावा मी ठरलेल्या फॉर्मवर पाठवला. त्यातला एक रुपयाही आलेला नाही.

टॉवर उतरला २०२१ च्या दिवाळीनंतर. भंगारवाल्याची माणसं गॅस कटर घेऊन आली, दोन दिवसांत लोखंड ट्रकमध्ये भरलं आणि गेली. मागे सिमेंटचे चार ठोकळे राहिले, त्यातून अर्धा इंच वर आलेले कापलेले बोल्ट, आणि खेचाखेचीत फुटलेला कोबा. पुढचे दोन पावसाळे मागच्या खोलीत, आईच्या पलंगाच्या बरोबर वर, पाणी टपकत होतं. वॉटरप्रूफिंगला ६२,००० रुपये गेले. आठ वर्षांच्या भाड्यातून ते काढले असं म्हणता येईल, पण त्या दोन पावसाळ्यांत आई हॉलमध्ये झोपली, ते कुठल्या हिशोबात धरायचं?

म्हणून २०२४ च्या शेवटी दुसऱ्या कंपनीचा माणूस दारात आला आणि ‘काका, तुमची साइट आम्हाला पाहिजे’ म्हणाला, तेव्हा बायको स्पष्ट नाही म्हणाली. मी म्हणालो, कागद तर बघू. (त्याआधी ‘टॉवर बसवतो, आधी नोंदणी फी भरा’ असे दोन फोन येऊन गेले होते. ती फसवणूक असते. टॉवर बसवणारी कंपनी मालकाकडून पैसे मागत नाही, आणि दूरसंचार नियामक टीआरएआय कुणाला फोन करून टॉवर वाटत नाही.) कागद आला एकोणीस पानांचा. मॅडमनी त्यातली पाच कलमं पेन्सिलने वर्तुळात टाकली आणि म्हणाल्या, ‘बाकीचं नंतर. या पाचांवर भांडा.’

पहिलं कलम जागेचं. मसुद्यात ‘गच्ची व इमारतीतील आवश्यक ती जागा’ असं होतं. याचा अर्थ उद्या त्यांनी पाण्याच्या टाकीजवळही खांब ठोकला तरी तक्रार करायला जागा नाही. शिवाय ‘कंपनी इतर ऑपरेटरना उपकरणे बसवू देऊ शकेल’ हे वाक्य होतंच. टॉवर कंपन्यांचा धंदा त्यावरच चालतो, एकाच खांबावर दोन-तीन ऑपरेटर. आम्ही गच्चीच्या कोपऱ्यातली वीस बाय पंधरा फुटांची जागा मोजून नकाशा काढला, केबल मागच्या भिंतीने जाईल हे दाखवलं आणि तो नकाशा कराराला जोडला. दुसरा ऑपरेटर आला तर जादा भाडं मागितलं, ते त्यांनी साफ नाकारलं. मिळालं एवढंच, की चौकटीच्या बाहेर काहीही ठेवायचं असेल तर नवा करार करावा लागेल.

भाड्याचं बोलणं मला आवडलं, कारण इथे गणित उपयोगी पडलं. त्यांनी १६,५०० सांगितले, वाढ तीच, तीन वर्षांनी १५ टक्के. ऐकायला भरपूर वाटतं, पण वर्षाला ती पावणेपाच टक्क्यांच्या आसपास जाते. मी दरवर्षी ५ टक्के मागितले. ‘काका, आमच्या सिस्टिममध्ये वार्षिक वाढ बसतच नाही.’ मग मी वहीवर हिशोब केला. १६,५०० वर दरवर्षी ५ टक्के धरले तर पहिल्या तीन वर्षांत ६,२४,१९२ रुपये होतात. तेच मूळ भाडं १७,५०० ठेवून तीन वर्षं स्थिर राहिलं तर ६,३०,०००. चौथ्या वर्षी तर फरक आणखी वाढतो, १९,१०१ विरुद्ध २०,१२५. वाढीचा टक्का त्यांना हलवता येत नव्हता, मूळ आकडा हलवता येत होता. मी १७,५०० वर अडून बसलो आणि ते मान्य झालं.

त्याच कलमात एक बारीक खाच होती. भाडं ‘साइट कार्यान्वित झाल्यापासून’ सुरू होणार होतं. साइट कधी सुरू व्हायची ते त्यांच्या हातात. आम्ही तिथे ‘गच्चीचा ताबा दिल्याच्या दिवसापासून’ असं घातलं. ताबा १० फेब्रुवारीला दिला, टॉवर प्रत्यक्ष चालू झाला जूनमध्ये. चार महिन्यांचे ७०,००० रुपये त्या एका ओळीने वाचले. भाड्यावरचा जीएसटी कुणी भरायचा हेही त्याच बैठकीत स्पष्ट केलं. १० ऑक्टोबर २०२४ पासून मालक जीएसटीत नोंदलेला नसेल आणि भाडेकरू कंपनी नोंदलेली असेल, तर व्यावसायिक जागेच्या भाड्यावरचा कर कंपनीनेच रिव्हर्स चार्जने भरायचा असतो. मसुद्यातलं ‘सर्व करांसहित भाडे’ हे शब्द आम्ही काढून टाकले.

ये-जा करण्याचं कलम मला किरकोळ वाटत होतं, बायकोला नाही. जुन्या टॉवरच्या वेळी रात्री अडीच वाजता जिना वाजायचा आणि कोण वर चाललंय ते कळायचं नाही. कंपनीला चोवीस तास मोकळीक हवी होती, आणि साइट बंद पडली तर ती लागतेही. ठरलं असं : नेहमीचं काम सकाळी आठ ते रात्री आठ, आधी फोन करून, बिघाड असेल तर कधीही, पण ओळखपत्र दाखवून आणि जिन्याखालच्या वहीत नाव, वेळ लिहून. डिझेल जनरेटर नाही, फक्त बॅटऱ्या. वीजमीटर कंपनीच्या नावावर.

सगळ्यात जास्त वेळ जबाबदारीच्या कलमाने खाल्ला. मसुद्यात एक निरुपद्रवी दिसणारं वाक्य होतं : ‘इमारत प्रस्तावित भार पेलण्यास सक्षम असल्याची मालक हमी देतो.’ मी काय इंजिनिअर आहे? मॅडम म्हणाल्या, ‘उद्या काही पडलं, तर हे वाक्य पहिलं पुढे येईल.’ ते काढून जबाबदारी कंपनीवर टाकली. त्यांचा स्ट्रक्चरल इंजिनिअर आला, हातोडीसारख्या यंत्राने कॉलमवर ठोके मारून काँक्रीटची ताकद पाहिली आणि वडिलांनी जपून ठेवलेला १९९६ चा प्लॅन मागितला. जुन्या चार ठोकळ्यांकडे बघून तो म्हणाला, ‘यातले दोन कॉलमवर आहेत, दोन नुसत्या बीमवर. अकरा वर्षं टिकलं हे नशीब.’ नव्या आराखड्यात चार कॉलमवर लोखंडी गर्डर टाकून त्यावर खांब आणि बॅटऱ्या दोन्ही ठेवले, स्लॅबवर काहीच नाही. त्याचा सही-शिक्क्याचा दाखला हातात पडल्याशिवाय मी किल्ली दिली नाही. सरकारी परवानग्या, तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा, आणि टॉवरमुळे वाढणारी घरपट्टी हे सगळं कंपनीकडे. टॉवरवर पालिका मालमत्ता कर लावू शकते असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१६ चा निकाल आहे, त्यामुळे ही ओळ आधीच लिहून घेतलेली बरी.

त्याच दिवसांत एक होर्डिंगवालाही येऊन गेला, टॉवरपेक्षा दीडपट पैसे सांगत होता. १३ मे २०२४ ला घाटकोपरला वादळात होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली, त्याला सहा-सात महिनेच झाले होते. चाळीस बाय चाळीसच्या मर्यादेच्या जागी ते एकशे वीस बाय एकशे वीस फुटांचं होतं. माझ्या घराखाली शाळेच्या रिक्षा थांबतात आणि वारा अख्ख्या फलकावर बसतो. त्याला चहा दिला आणि नाही म्हणालो.

आणि शेवटचं, काढून नेण्याचं. त्यांना ३० दिवसांच्या नोटिशीवर कधीही सोडता येणार होतं, मला पंधरा वर्षं अजिबात नाही. आता त्यांनाही तीन वर्षं सोडता येत नाही आणि नंतर तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. मला दोन महिने भाडं थकलं तर करार संपवता येतो, आणि इमारत पाडून नवी बांधायची असेल तर सहा महिन्यांची नोटीस देऊन. करार संपल्यावर ६० दिवसांत सगळं उतरवायचं. ‘सगळं’ म्हणजे काय हे आम्ही शब्दाने लिहिलं : खांब, गर्डर, बॅटऱ्या, केबल, अर्थिंगची पट्टी, मीटर, आणि उघडा पडलेला कोबा पुन्हा करून देणं. उशीर झाला तर दर दिवसाला दुप्पट भाडं. १२० दिवसांनंतर रजिस्टर पत्र पाठवून मी स्वतः उतरवू शकतो, खर्च अनामतीतून.

अनामत सहा महिन्यांची, १,०५,००० रुपये. कंपनी तीन महिन्यांवर अडली होती. मी मॅडमना म्हणालो, दुप्पट भाड्याचं कलम आहे ना, तीन चालतील. त्या म्हणाल्या, ‘कंपनी बुडाली तर मोरेटोरियममध्ये हे कलम किती उपयोगी पडेल सांगता येत नाही. हातातली रोख तेवढी हातात असते.’ मी सहावर ठाम राहिलो.

सह दुय्यम निबंधकाकडे नोंदणी झाली, खर्च कंपनीने केला. नव्या गर्डरखाली येणारे जुने चार ठोकळे मात्र कामगारांनी फोडायला नकार दिला, ब्रेकर मारला तर स्लॅबला तडा जाईल म्हणून. ते छिन्नी-हातोड्याने फोडायला दोन माणसांना सहा दिवस लागले. त्याचे पैसे कुणी द्यायचे हे एकोणीस पानांत कुठेच नव्हतं. निम्मे मी दिले.