स्टेपर मोटरची दिशा कुठे बदलावी : गेट्सवर बांधलेल्या ड्राइव्हचा माझा अनुभव

मायक्रोकंट्रोलर न वापरता स्टेपर मोटर चालवायची, एवढंच ठरवलं होतं. मोटर २०० स्टेपची, म्हणजे एका स्टेपला १.८ अंश. पुढे ड्रायव्हर म्हणून ट्रान्झिस्टर अ‍ॅरे, आणि क्रम तयार करायला दोन बिटांचा काउंटर व काही गेट्स. सुरुवातीची मांडणी नेहमीची होती. काउंटर कायम पुढेच मोजतो आणि दिशेचा स्विच आउटपुटपाशी एका एक्सऑर गेटवर बसतो.

```
A = Q1
B = Q1 ^ Q0 ^ DIR
```

A आणि B या दोन कॉइल-जोड्या, प्रत्येकीचा उलटा सिग्नल दुसऱ्या टोकाला. स्विच ० वर असताना क्रम ००, ०१, ११, १० असा येतो आणि १ वर असताना हाच क्रम उलटा. मोटर दोन्ही बाजूंनी छान फिरली. मग मी शाफ्टला कागदी काटा लावला, क्लॉक थांबवला आणि नुसता दिशेचा स्विच फिरवला. एकही पल्स नसताना काटा टुककन एक स्टेप सरकला!

कारण सूत्रातच आहे. DIR बदलला की B तत्क्षणी उलटतो, आणि मोटरच्या दृष्टीने ती एक स्टेपच असते. DIR ० वरून १ होताना काउंटर ० किंवा २ वर असेल तर ती पुढे पडते, १ किंवा ३ वर असेल तर मागे; १ वरून ० होताना नेमकं उलट. काउंटर ० पासून १० पल्स पुढे आणि १० मागे नेलं तर या जादा स्टेप्स एकमेकींना खाऊन टाकतात, म्हणून काहीच कळत नाही. ११ पुढे, ११ मागे करून पाहा. प्रत्येक फेरीत काटा दोन स्टेप, म्हणजे ३.६ अंश, मागे राहतो. दहा फेऱ्यांत ३६ अंश! नुसता पंखा फिरवायचा असेल तर हे चालेल, पण जागा मोजायची असेल तर मुळीच नाही.

उपाय असा की दिशा आउटपुटवर न ठेवता काउंटरच्या आत न्यायची. काउंटरच पुढे किंवा मागे मोजेल, आणि आउटपुट फक्त काउंटरकडे पाहील:

```
D0 = ~Q0
D1 = Q1 ^ Q0 ^ DIR
A  = Q1
B  = Q1 ^ Q0
```

गेट्स जवळपास तेवढेच. आता स्विच कितीही वेळा फिरवा, पुढचा पल्स येईपर्यंत काटा जागचा हलत नाही.

हाफ-स्टेपला मात्र दोन बिट पुरत नाहीत. अवस्था आठ लागतात, म्हणून खाली तिसरा फ्लिप-फ्लॉप H घेतला. H ० असताना एक कॉइल चालू, १ असताना शेजारच्या दोन. मोडचा स्विच M: ० म्हणजे फुल, १ म्हणजे हाफ. फुलमध्ये H कायम १ वर राहतो, हाफमध्ये दर पल्सला उलटतो. वरचा काउंटर कधी हलवायचा हे E ठरवतो:

```
DH = ~(M & H)
E  = (H ^ DIR) | (H & ~M)
D0 = Q0 ^ E
D1 = Q1 ^ (E & (Q0 ^ DIR))
```

E मधला दुसरा भाग मी मुद्दाम असा ठेवला. तिथे नुसतं ~M लिहिलं तर फुल मोड बरोबरच चालतो, पण H ० असताना हाफवरून फुलवर आलं आणि मोटर पुढे जात असली, तर पहिल्याच पल्सला ती दीड स्टेप उडी मारते. वरच्या सूत्राने पहिला पल्स अर्ध्या स्टेपचा होतो आणि तिथून पुढे पूर्ण स्टेप.

आउटपुटची बाजू मला सगळ्यात आवडली. Q1 आणि Q0 २-ते-४ डीकोडरला दिले. ७४एचसी१३९ चे आउटपुट सक्रिय असताना खाली जातात, ते इथे फायद्याचंच ठरतं. कोणतीही कॉइल Ck तिच्या स्वतःच्या रेषेवर, म्हणजे Zk वर, चालू होते, किंवा आधीच्या रेषेवर H १ असेल तेव्हा. प्रत्येक कॉइलला एक ऑर आणि एक नँड लागतो, म्हणजे चार कॉइलना दोन चिप अगदी पूर्ण भरतात:

```
Ck = ~(Zk & (~H | Zk-1))
```

~H फ्लिप-फ्लॉपच्या दुसऱ्या पिनवर आयताच मिळतो.

हाफ-स्टेपमध्ये एक कॉइल चालू असताना टॉर्क दोन कॉइलच्या टॉर्कच्या साधारण ७० टक्केच असतो. ओझं जास्त असलं की मोटर एकाआड एक स्टेप अडखळते. बोटाने शाफ्ट हलकेच धरला की ते जाणवतं. अशा वेळी मी फुल मोडवरच राहतो.

DIR आणि M चे स्विच थेट गेट्सना जोडू नका. क्लॉकच्या कडेच्या आसपास स्विच बदलला तर D0 आणि D1 पैकी एक जुना, एक नवा वाचला जाऊ शकतो आणि काउंटर भलत्याच जागी जातो. दोन्ही स्विच आधी एकेका फ्लिप-फ्लॉपमधून नेले, त्यांना क्लॉकची उलटी कड दिली, आणि काटा ठिकाणावर राहू लागला.