बुधवारपासून तीन दिवसांची रजा

पुण्यातील आमचे कार्यालय एका जर्मन घाऊक व्यापारी कंपनीची बिलांची संगणकप्रणाली सांभाळते. त्या कंपनीचे कामकाज दोन शहरांत विभागलेले आहे : गोदामे आणि बिले हॅम्बुर्गला, तर प्रणालीत होणाऱ्या प्रत्येक बदलाची तपासणी म्युनिकला. दोन्ही बाजूंच्या कामाचा मेळ घालणे ही माझी जबाबदारी. २०२४ च्या दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, म्हणजे ४ नोव्हेंबरला जे घडले त्यानंतर रजा कळवण्याची आमची पद्धत बदलली, म्हणून तो दिवस तपशिलाने लिहून ठेवते आहे.

जुन्या प्रणालीतील ग्राहकांच्या नोंदी नव्या प्रणालीत हलवायच्या होत्या. हे काम करण्याची परवानगी आमच्याकडे एकाच सहकाऱ्याला होती. बदली कर्मचारी नेमलेला होता. पण तो प्रणाली बंद पडली तर सुरू करू शकत असे, नोंदी हलवू शकत नसे. सोमवारी सकाळी ७ वाजता हॅम्बुर्गने जुन्या प्रणालीत नव्या नोंदी घेणे थांबवले. गोदामातील माणसे आलेल्या मागण्या कागदावर उतरवू लागली आणि ९ वाजता, म्हणजे आमच्या दुपारी दीड वाजता, सगळेजण बैठकीत हजर झाले. हजर नव्हता तो फक्त आमचा सहकारी. भाऊबीज करून तो सातारा जिल्ह्यातल्या आपल्या गावीच होता आणि ते त्याच्या ठरलेल्या रजेप्रमाणेच होते. मी फोन केला तेव्हा तो गोंधळून म्हणाला, "मॅडम, मी बुधवारी येणार असंच कळवलं होतं ना? तीन दिवसांची रजा आहे माझी."

त्याने पाठवलेले पत्र मी उघडले. त्यात एकच वाक्य होते : दिवाळीनिमित्त बुधवार, ३० ऑक्टोबरपासून मी तीन दिवसांच्या रजेवर आहे. या वाक्यात खोटे काहीच नव्हते. गुरुवारी ३१ ऑक्टोबरला नरकचतुर्दशी आणि शुक्रवारी १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन असे दोन्ही दिवस आमचे कार्यालय बंद होते, त्यामुळे त्या दिवसांसाठी अर्ज करावा लागत नव्हता. शनिवार-रविवार सुट्टीच. म्हणून त्याने बुधवार, मग पुढचा सोमवार आणि मंगळवार असे तीन दिवस टाकले. रजेच्या खात्यातून वजा झालेला आकडा तीन होता, आणि तोच आकडा त्याने सर्वांना कळवला.

हॅम्बुर्गच्या प्रकल्पप्रमुख बाईंनी तो आकडा सरळ मोजला : बुधवार, गुरुवार, शुक्रवार. म्हणजे माणूस सोमवारी कामावर येणार. त्यांनी त्यावरून काम सोमवारी ठेवले. बैठकीत मी प्रत्येकाला, "तुमच्या हिशेबाने तो कोणत्या दिवशी परत येणार होता?" असे विचारले, आणि तेव्हा जे कळले ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. हॅम्बुर्गच्याच एका तंत्रज्ञाने मंगळवार सांगितला. ३१ ऑक्टोबरला हॅम्बुर्गमध्ये धर्मसुधारणा दिनाची सार्वजनिक सुट्टी असते, तो दिवस त्याने रजेत धरलाच नाही. बुधवार, शुक्रवार आणि सोमवार असे तीन दिवस मोजून तो मंगळवारावर पोहोचला. म्युनिकच्या तपासणीप्रमुखांनीही मंगळवारच सांगितला, पण वेगळ्या वाटेने. बव्हेरियात ३१ ऑक्टोबरला सुट्टी नसते, तिथे १ नोव्हेंबरला सर्व संतांच्या दिनाची सुट्टी असते. म्हणून त्यांनी बुधवार, गुरुवार आणि सोमवार मोजले. प्रत्येकाने आपापल्या भिंतीवरच्या कॅलेंडरप्रमाणे मोजणी केली होती आणि कोणाचीच मोजणी अडाणीपणाची नव्हती. दोन शहरांतली दोन माणसे वेगवेगळ्या हिशेबाने एकाच चुकीच्या तारखेवर येऊन एकमेकांशी सहमत होऊ शकतात, हे मला फार धोक्याचे वाटते. त्या दोघांनी आपसात पडताळा घेतला असता, तर त्यांची खात्री उलट वाढलीच असती.

दहा वाजण्याच्या सुमारास जुनी प्रणाली पुन्हा खुली करण्यात आली, कागदावरच्या मागण्या परत भरण्यात आल्या आणि काम गुरुवार, ७ नोव्हेंबरवर गेले. सहकाऱ्याला गावाहून बोलावून घ्यावे अशी सूचना आमच्याच बाजूने आली होती. मी ती मान्य केली नाही. मंजूर झालेली रजा होती, आणि प्रवास करून आलेल्या माणसाच्या हातून घाईने नोंदी हलवून घेणे मला योग्य वाटत नव्हते.

प्रकल्पप्रमुख बाईंनी नंतर सांगितले की, त्यांनी रजेच्या पत्रावरच न विसंबता दिवाळी कधी आहे हेही शोधून पाहिले होते. त्यांना ३१ ऑक्टोबर ही तारीख मिळाली. तीही खोटी नव्हती. त्या वर्षी अमावास्या ३१ ऑक्टोबरच्या दुपारी सुरू होऊन १ नोव्हेंबरच्या संध्याकाळी संपत होती. दिल्लीसह उत्तर भारतात बऱ्याच ठिकाणी लक्ष्मीपूजन गुरुवारी झाले, महाराष्ट्रात शुक्रवारी. 'दिवाळीनिमित्त' एवढे लिहिल्याने परदेशातील माणसाच्या हाती काहीच पडत नाही, उलट ते शोधून त्याला भलत्याच तारखेबद्दल खात्री वाटू शकते.

संगणकात 'भारतातील सुट्ट्या' किंवा 'जर्मनीतील सुट्ट्या' अशी तयार यादी जोडून घेतली की काम भागेल, असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. जर्मनीत ३ ऑक्टोबरचा एकीकरण दिन तेवढा संघराज्याच्या पातळीवर ठरलेला आहे. बाकीच्या सुट्ट्या सोळा राज्ये आपापल्या कायद्याने ठरवतात. आपल्याकडे महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठ भरपगारी सुट्ट्या सांगितल्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार त्यात ठरलेल्या आहेत आणि उरलेल्या चार मालक व कामगार यांनी आपसात ठरवायच्या आहेत. त्यामुळे एकाच रस्त्यावरच्या दोन कार्यालयांच्या याद्यादेखील जुळतीलच असे नाही. देशाची यादी पाहून एखाद्या माणसाची हजेरी ठरवता येत नाही, त्यासाठी त्याच्या कार्यालयाची यादी लागते. आणि ती यादी समोरच्याने शोधत बसावे यापेक्षा रजेवर जाणाऱ्याने तिचा आपल्यापुरता परिणाम लिहून द्यावा, हे सर्वांच्या सोयीचे.

त्याच आठवड्यात आम्ही एक मसुदा ठरवला आणि सहकाऱ्याचे जुने पत्र त्यात बसवून पाहिले. इंग्रजीत लिहिलेल्या त्या मजकुराचा आशय असा होता :

> कामावरचा शेवटचा दिवस मंगळवार, २९ ऑक्टोबर २०२४. पुण्याच्या वेळेनुसार सायंकाळी ६ पर्यंत, म्हणजे जर्मनीत दुपारी १:३० पर्यंत. बुधवार, ३० ऑक्टोबर ते मंगळवार, ५ नोव्हेंबर, हे दोन्ही दिवस धरून मी कामावर नाही. यांपैकी गुरुवार, ३१ ऑक्टोबर आणि शुक्रवार, १ नोव्हेंबर हे दोन दिवस पुण्याचे संपूर्ण कार्यालय बंद आहे. मी बुधवार, ६ नोव्हेंबर रोजी परत कामावर येईन. सोमवारी आणि मंगळवारी प्रणाली बंद पडल्यास बदली कर्मचारी ती सुरू करील. नोंदी हलवण्याचे काम या काळात होऊ शकणार नाही.

यात किती दिवसांची रजा हे कुठेच आलेले नाही, आणि ते मुद्दामच आहे. तो आकडा आपल्या आणि आस्थापना विभागाच्या हिशेबाचा असतो; समोरच्याला हवी असते ती परत येण्याची तारीख. तारखेबरोबर वार लिहिल्याचा एक वेगळा फायदा आहे. लिहिताना आकडा चुकला तर वार आणि तारीख जुळत नाहीत, आणि वाचणारा तिथेच थांबून विचारतो. नुसत्या तारखेतली चूक कोणाच्याही लक्षात न येता पुढे जाते. महिनाही आम्ही अक्षरांतच लिहितो, कारण ६/११ असे लिहिले तर अमेरिकेतील माणूस ते ११ जून असे वाचतो. संपूर्ण कार्यालय बंद असलेले दिवस वेगळे सांगण्याचे कारण इतकेच की, त्या दिवशी बदली कर्मचारीही नसतो. एकट्याची रजा आणि सगळ्यांची सुट्टी यांत समोरच्यासाठी मोठा फरक आहे.

अर्ध्या दिवसाच्या रजेची अडचण मसुदा वापरू लागल्यावर कळली. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळे एक तास मागे जातात आणि पुणे-जर्मनी अंतर साडेतीन तासांवरून साडेचार तासांवर जाते. हिवाळ्यात आमच्याकडच्या कोणी 'दुपारनंतर रजा' असे कळवले, तर जर्मनीतील माणसाला तो सकाळी तरी भेटेल असे वाटते. प्रत्यक्षात जर्मनीत कार्यालय ९ वाजता उघडते तेव्हा पुण्यात दीड वाजलेला असतो, म्हणजे त्यांच्या दृष्टीने तो पूर्ण दिवस गैरहजर असतो. म्हणून अर्ध्या दिवसासाठी दोन्ही शहरांची घड्याळी वेळ लिहायची, सकाळ-दुपार हे शब्द वापरायचे नाहीत, असे ठरले.

जी सुट्टी अजून जाहीरच झालेली नाही ती मात्र कोणत्याही मसुद्यात लिहिता येत नाही. त्याच नोव्हेंबरमध्ये बुधवारी, २० तारखेला महाराष्ट्र विधानसभेचे मतदान होते आणि त्याची तारीख १५ ऑक्टोबरला जाहीर झाली; वर्षाच्या आरंभी छापलेल्या कोणत्याही यादीत ती असणे शक्य नव्हते. त्यापूर्वी सप्टेंबरात ईद-ए-मिलादची सुट्टी मुंबईपुरती १६ वरून १८ तारखेला नेण्यात आली होती. अशा वेळी नवी तारीख जाहीर होताच तिच्या आसपास ठरलेल्या कामांचा आढावा घेणे एवढेच आपल्या हातात असते. मतदानाच्या आठवड्यासाठी आम्ही तसेच केले आणि बुधवारची बैठक आदल्या दिवशी घेतली.

मसुद्याची खरी परीक्षा उलट दिशेने झाली. डिसेंबरात म्युनिकच्या तपासणीप्रमुखांनी नाताळची रजा कळवली : सोमवार, २३ डिसेंबर ते शुक्रवार, ३ जानेवारी. जुन्या पद्धतीने पत्र इथेच संपले असते आणि आम्ही सोमवारी, ६ जानेवारीला त्यांच्या तपासणीसाठी बदल पाठवून वाट पाहत बसलो असतो. हॅम्बुर्गचे लोक त्या सोमवारी कामावर असणार होते, त्यामुळे शंका येण्याचेही कारण नव्हते. पण मसुद्यातला परत येण्याचा रकाना भरताना त्यांनी मंगळवार, ७ जानेवारी २०२५ असे लिहिले आणि पुढे कारण जोडले की, ६ जानेवारीला बव्हेरियात तीन राजांच्या दिनाची सुट्टी असते. आम्ही त्यांच्याकडे जाणारे बदल मंगळवारच्या यादीत टाकले, आणि सोमवारी ज्याला म्युनिकची तपासणी लागत नाही असे हॅम्बुर्गचे अहवालांचे काम हाती घेतले.