सव्वादहा फुटी हॉलमध्ये एल सोफा की सरळ सोफा आणि दोन खुर्च्या: माझा अनुभव

आमचा हॉल मुंबईतल्या बहुतेक हॉलसारखाच, लांबोडका. रुंदी १२३ इंच, लांबी १८६ इंच. एका लांब भिंतीला टीव्ही, समोरच्या लांब भिंतीला सोफा, एका टोकाला मुख्य दार आणि दुसऱ्या टोकाला बाल्कनीचं सरकतं दार. घरात सगळ्यांचा कल एल सोफ्याकडे होता. दुकानात एल नेहमीच छान दिसतो, कारण तिथे त्याच्या आजूबाजूला ना दार असतं, ना कपडे वाळत घालायला जाणारं कुणी. म्हणून दर विचारण्याआधी कागदावर मापं मांडली.

पहिला हिशेब बसणाऱ्यांचा. आम्ही पाहिलेला एल ‘सहा सीटर’ म्हणून विकायला होता. लांब बाजू ९६ इंच, आडवी बाजू ६६ इंच, खोली ३६ इंच. एका माणसाला अंग न चोरता बसायला २२ ते २४ इंच लागतात. लांब बाजूतून ६ इंचांचा हात वजा केला तर ९० उरतात, त्यातले ३६ कोपऱ्याचे, म्हणजे उरले ५४. तिथे दोघं आरामात. आडव्या बाजूला कोपरा सोडून ३० इंच, तिथे एक. आणि कोपऱ्यात एक, पण त्याचे पाय सरळ समोर आले की शेजारच्या दोघांच्या गुडघ्यांना लागणार. पाहुणे आले की कोपरा शेवटी भरतो, किंवा एखाद्या मुलाला तिथे बसवलं जातं. थोडक्यात, सहा सीटर म्हणून विकला जाणारा सोफा प्रत्यक्षात चौघांचा, दाटीवाटीने पाचांचा.

सरळ सोफा ८० इंची घेतला तर दोन्ही हातांचे १२ इंच जाऊन ६८ उरतात, म्हणजे तिघं. दोन खुर्च्यांवर दोघं. झाले पाच, आणि पाचही जणांचे पाय मोकळे. शिवाय सोफ्यावर बसलेला आणि खुर्चीवर बसलेला एकमेकांकडे तोंड करून बोलतात. मान वळवायला लागत नाही.

आडवं पडण्यात मात्र एल जिंकतो, हे कबूल केलं पाहिजे. त्याच्या लांब बाजूवर कोपऱ्यासकट ९० इंच मिळतात. सरळ सोफ्यावर हातांच्या मध्ये ६८ इंच, म्हणजे पाच फूट आठ इंचाचा माणूस जेमतेम मावतो. ज्यांच्या घरी रविवारी दुपारी क्रिकेट बघत सोफ्यावरच झोपायची रीत आहे, त्यांनी या आकड्याला जास्त वजन द्यावं.

दुसरा प्रश्न बाल्कनीचा, आणि आमच्याकडे निर्णय इथेच फिरला. सरकतं दार ७२ इंच रुंद आहे आणि सोफ्याच्या भिंतीपासून २४ इंचांवर सुरू होतं. त्याची एका वेळी अर्धीच बाजू उघडते. एलची आडवी बाजू बाल्कनीला चिकटवली तर दाराचे ४२ इंच झाकले जातात आणि जायला ३० इंच उरतात. एकट्या माणसाला ३० इंच पुरतात, पण ओल्या कपड्यांची बादली हातात असली की त्याच ठिकाणी सोफ्याचा कोपरा अंगाला लागतो. झाकलेल्या बाजूचा ट्रॅक पुसायला हात पोचत नाही. जुलैत वाऱ्याबरोबर पाऊस आत आला की पाणी आधी त्या ट्रॅकमध्ये साचतं आणि मग सोफ्याच्या खालच्या कापडात चढतं.

मग एल ३० इंच पुढे ओढून पाहिला, कागदावर. जागा निघते, पण आता सोफ्याची पाठ हॉलमध्ये उघडी पडते. भिंतीला लावायच्या सोफ्यांना मागून बहुधा पातळ काळं कापड ठोकलेलं असतं. पाठही मूळ कापडात हवी असेल तर आधी सांगावं लागतं आणि कापड जास्त लागतं. त्या पाठीमागचा कोनाडा कपड्यांचा स्टँड, सायकल आणि रद्दीने भरणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

दोन खुर्च्या त्याच जागी ठेवल्या तर चित्र बदलतं. प्रत्येकी २८ इंच रुंद, ३० इंच खोल. बाल्कनीपुढे ३० इंचांची वाट, मग खुर्च्यांचे ३०, मग ६ इंच मोकळे, मग ८० इंचांचा सोफा आणि मुख्य दाराकडे चपलांच्या कपाटासाठी ४० इंच. बेरीज बरोबर १८६. रुंदीतही बसतं: सोफा ३४, टीपॉयपर्यंत १६, टीपॉय २०, चालायला ३७, टीव्ही युनिट १६. आणि खुर्ची उचलून बाजूला करता येते. गणपतीत मखरासाठी जागा करायची असो की पावसात बाल्कनीचं दार पूर्ण मोकळं करायचं असो, एलला हलवायला चार माणसं लागतात.

हे कागदावर पटलं तरी जमिनीवर करून बघावं. जुनी वर्तमानपत्रं चिकटवून दोन्ही मांडण्या खऱ्या मापात अंथरल्या आणि घरच्यांना नेहमीसारखं वावरायला सांगितलं. एलच्या कागदाचा टीव्हीकडचा कोपरा लगेच चुरगळला, कारण स्वयंपाकघरातून बाल्कनीकडे जाताना सगळे तिथूनच वळतात.

तिसरी गोष्ट उंचीची. एल सोफे हल्ली बुटके आणि खोल असतात; आम्ही बसून पाहिलेल्यांत बैठक जेमतेम १५-१६ इंचांवर होती. सासूबाई त्यावरून उठताना म्हणाल्या, “अगं, हात धर.” गुडघे दुखणाऱ्याला १८ इंच उंचीची, घट्ट बैठकीची आणि दोन्ही बाजूंना हात असलेली खुर्ची लागते, कारण उठताना जोर हातांवर येतो. म्हणून एक खुर्ची तशी आणि दुसरी हलकी, बिनहाताची घेतली.

ऑर्डरपूर्वी लिफ्ट मोजा. आमच्या लिफ्टचं दार ३१ इंच रुंद, ७९ इंच उंच आणि आतली उंची ८८ इंच. सोफा उभा करूनच न्यावा लागणार. ३४ इंच खोली दारातून जात नाही, पण पाय काढल्यावर सोफ्याची उंची २८ इंच राहते, त्या बाजूने जातो. लांबी ८० असल्याने दारात तिरका करून आत सरळ उभा करायचा. म्हणून पाय स्क्रूचे हवेत, ठोकलेले नकोत. कारागिराला हे आधीच सांगितलं तर तो हसत नाही. नंतर सांगितलं तर जिन्याने चढवायचे पैसे मागतो.

हॉल साडेअकरा-बारा फूट रुंद असेल आणि सोफ्याच्या कोपऱ्याला लागून कुठलंच दार नसेल, तर मी एलच घेतला असता. पण तेव्हा चिठ्ठीवर नुसतं ‘लेफ्ट’ किंवा ‘राइट’ लिहून भागत नाही. कुणी ते सोफ्यावर बसून मोजतं, कुणी समोर उभं राहून. आडवी बाजू, बाल्कनी आणि टीव्ही दाखवणारी आकृती काढून तिच्यावर दुकानदाराची सही घ्यावी. भाड्याच्या घरात असाल तर जोड सुटणारा, बाजू बदलता येणारा एलच बघा, कारण पुढच्या घरात बाल्कनी कुठल्या हाताला येईल ते सांगता येत नाही.

सोफा कुठलाही असो, बाहेरच्या भिंतीपासून तीन इंच पुढे ठेवा. पावसाळ्यात ती भिंत ओल धरते आणि चिकटलेल्या पाठीवर आधी वास येतो, मग करडे ठिपके दिसतात. सरळ सोफ्याची एकच पाठ तपासावी लागते. एलच्या दोन, आणि कोपऱ्यातली तर वाकूनही दिसत नाही.