वरची ती ४ शून्यं

"१००! च्या शेवटची शून्यं मोजताना १०० ला ५ ने भागलं की २० येतात, मग उत्तर २४ कसं? वरची ४ कुठून आली?"

१००! म्हणजे १०० चं फॅक्टोरियल, १ पासून १०० पर्यंतच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार, आणि ही ४ त्यातल्या २५, ५०, ७५ आणि १०० मधून आली. या चौघांमध्ये प्रत्येकी दोन पाच आहेत आणि ५ ने भागताना आपण प्रत्येकातला एकच मोजलेला असतो. उत्तर खरं तर एवढंच आहे, पण एवढंच सांगितलं की समोरचा मान डोलावतो आणि पुढच्या वेळी ५००! आलं की परत तिथेच अडकतो, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता सावकाशच सांगतो.

शेवटी एक शून्य आहे म्हणजे संख्येला १० ने एकदा भाग जातो, आणि १० म्हणजे २ गुणिले ५. म्हणजे प्रत्येक शून्याला एक दोन आणि एक पाच अशी जोडी लागते. ही जोडी एकाच संख्येत असायला हवी असं नाही, आणि मी शाळेत असताना नेमका इथेच चुकलो होतो. १०, २०, ३० असं ९० पर्यंत एकेक शून्य आणि १०० ची दोन, झाली ११, असं मी वहीत लिहिलेलं. पण १५ मध्ये शून्य दिसत नाही म्हणून काय झालं, शेजारच्या १४ शी गुणलं की २१० होतात, म्हणजे १५ मधल्या पाचाला १४ मधला दोन मिळाला की शून्य तयार. ५, १५, ३५, ८५ या सगळ्यांचं असंच, आणि त्या सगळ्यांना मी सोडून दिलं होतं.

मग दोन का मोजायचे नाहीत? कारण ते भरपूर आहेत. १००! मध्ये ५० सम संख्या, त्यातल्या २५ मध्ये अजून एक दोन, १२ मध्ये अजून एक, असं ५० + २५ + १२ + ६ + ३ + १ म्हणजे ९७ दोन निघतात. पाच फक्त २४. सगळ्या पाचांना जोडीदार मिळूनही ७३ दोन नुसते उरतात, त्यामुळे पाच संपले की शून्यं संपली. हे मात्र दहाच्या पद्धतीतलं झालं हं, प्रत्येक पद्धतीत असं धरून चालत नाही. तीच संख्या बाराच्या पद्धतीत लिहिली तर एका शून्याला दोनांची एक जोडी आणि एक तीन लागतो, आणि १००! मध्ये ९७ दोनांच्या ४८ जोड्या होतात आणि तीनही ३३ + ११ + ३ + १ म्हणजे बरोबर ४८ निघतात, तिथे कोण आधी संपणार ते आधीच सांगता येत नाही, दोन्ही मोजावेच लागतात.

आता २५ कडे. हे एकदा कागदावर लिहून बघाच, कारण सूत्रापेक्षा हे जास्त लक्षात राहतं. २४! ही संख्या ६२०४४८४०१७३३२३९४३९३६०००० आहे, शेवटी ४ शून्यं, ती ५, १०, १५ आणि २० ची. आता २५ ने गुणायचं. २५ ने गुणणं म्हणजे ४ ने भागून पुढे दोन शून्यं लावणं, बरोबर? तर ४ ने भागल्यावर १५५११२१००४३३३०९८५९८४०००० येतात, शून्यं अजून ४ च, आणि त्यावर दोन शून्यं लावली की झालं २५!, शेवटी ६ शून्यं. त्या ४ ने भागण्यात काय झालं ते बघा, नुसते पडून असलेल्या दोनांपैकी दोन काढून घेतले आणि २५ मधल्या दोन पाचांना एकेक दिला. २४! मध्ये २२ दोन होते, त्यातले ४ आधीच्या शून्यांत गेलेले, म्हणजे १८ शिल्लक होते, त्यामुळे कमी पडायचा प्रश्नच नव्हता.

मला स्वतःला हे सगळं पटलं ते मात्र वेगळ्याच वाटेने. १००! मधल्या फक्त पाचाच्या पटी बाजूला काढा: ५, १०, १५ असं करत १०० पर्यंत, एकूण २०. प्रत्येकीतून एकच पाच बाहेर काढा. बाहेर २० पाच आले, आणि आत काय उरलं? १, २, ३ असं करत २०. म्हणजे आत उरलं ते २०!. मग राहिलेले पाच म्हणजे २०! मधले पाच, आणि ते ४. वरची ४ म्हणजे २०! ची स्वतःची शून्यं आहेत! तोच प्रश्न लहान होऊन परत समोर येतो, म्हणूनच ५ ने भागत राहायचं, बाकी सोडून द्यायची आणि आलेले भागाकार मिळवत जायचे. १०० वरून २०, २० वरून ४, ४ मध्ये एकही पाच नाही, थांबा.

५००! सुद्धा मग सोपं होतं. ५०० ला ५ ने भागलं की १००, आणि आत उरलेलं १००! आपण मोजलेलंच आहे, म्हणजे १०० + २४ = १२४.

अजून एक चूक खूप जण करतात, त्यांना २५ मध्ये दोन पाच आहेत हे माहीत असतं म्हणून ते २० मध्ये ४ गुणिले २ मिळवून २८ लिहितात. पण २५ चा पहिला पाच त्या २० मध्ये मोजून झालेला आहे, आता फक्त दुसरा मोजायचा राहिलाय. १२५ पर्यंत गेलात तर त्याचे तीन पाच असेच तीन वेगवेगळ्या भागाकारांत एकेकदा मोजले जातात, २५ मध्ये एकदा, ५ मध्ये एकदा आणि १ मध्ये एकदा, एकूण ३१.

आणि या उड्यांमुळे एक गंमत होते जी उत्तर तपासायला कामी येते. २४! ला ४ शून्यं आणि २५! ला एकदम ६, मग शेवटी बरोबर ५ शून्यं असलेलं फॅक्टोरियल कुठलं? कुठलंच नाही, कारण शून्यं कधी कमी होत नाहीत आणि ५ वरून आपण उडी मारून पुढे गेलो. ७५ पाशी १७ गळतं, १०० पाशी २३, आणि १२५ पाशी तर २८ वरून थेट ३१, म्हणजे २९ आणि ३० दोन्ही गेले. यातला आकडा उत्तर म्हणून आला तर कुठे चुकलं ते शोधायलाच लागायचं, प्रश्न कुठलाही असो. ५० पाशी बघा, ४९! ला ९ + १ म्हणजे १० शून्यं आणि ५०! ला १० + २ म्हणजे १२. वहीतल्या माझ्या त्या ११ शून्यांचं फॅक्टोरियल नाहीच मुळी, १०० चं नाही आणि दुसऱ्या कशाचंही नाही.