फोटोतल्या भिंतीवरची ओल काढली, आधी उजेड आणि मग गिलावा

एका ओळखीच्या इंटिरिअर डिझायनरने केलेल्या बेडरूमचा फोटो माझ्याकडे आला होता. डावीकडे मोठी खिडकी, समोर फिकट क्रीम रंगाची भिंत, आणि उजव्या कोपऱ्यात स्कर्टिंगपासून कमरेएवढ्या उंचीपर्यंत ओल चढलेली, रंगाचे पोपडे सुटलेले आणि मधेमधे पांढरे क्षार फुललेले. भिंत नंतर खरंच दुरुस्त झाली, नवीन प्लास्टर झालं, पण तोवर खोलीत सामान भरलं होतं, म्हणून जुन्याच फोटोत, फोटोशॉपमध्ये, भिंत नीट करायची असं ठरलं. घर विकायच्या जाहिरातीसाठी कोणी सांगितलं असतं तर मी हे काम घेतलंच नसतं, कारण तिथे ओल ही घेणाऱ्याला दिसायलाच हवी.

फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा आणि खराब भाग साधारण १५०० बाय ११०० चा. एवढ्या मोठ्या डागावर हीलिंग ब्रश चालत नाही, कारण तो कडेचा रंग आत ओढतो आणि ओलीच्या कडेला नेमकी तपकिरी झाक असते, म्हणजे डाग पुसला जाण्याऐवजी फिकट होऊन पसरतो. क्लोन स्टॅम्पने चांगली भिंत आणून बसवली तर दुसरी अडचण, ती जिथून उचलली तिथला उजेड वेगळा असतो, त्यामुळे चट्टे दिसतात. म्हणून मी उजेड आणि पोत वेगळे केले, आधी रंग आणि उजेडाची गुळगुळीत भिंत तयार करायची आणि मग तिच्यावर गिलाव्याचा खरखरीतपणा चढवायचा.

रॉ फाइल १६ बिटमध्ये उघडली, कारण भिंतीसारख्या हळूहळू बदलणाऱ्या रंगात ८ बिटवर काम केलं की पट्टे उमटायला लागतात. मग सगळ्यात वर उजेड-गडदपणा रेघेने बदलणारा एक कर्व्हज लेयर टाकला आणि त्याची रेघ मुद्दाम चार-पाच वेळा वरखाली वळवली. हा लेयर फक्त तपासायला, शेवटी काढून टाकायचा. तो चालू केला की भिंतीवर नकाशातल्या उंचीच्या रेषांसारखे पट्टे दिसतात, खिडकीपासून निघालेले मऊ वाकलेले. जिथे ओल आहे तिथे ते तुटतात, आणि तेव्हाच कळलं की डाग नुसत्या डोळ्यांना दिसत होता त्याच्यापेक्षा बराच पुढे गेलाय, वरच्या बाजूला तर चांगला हातभर. निवड मी या खऱ्या हद्दीवरून केली. खुर्ची, स्विचबोर्ड आणि स्कर्टिंग पेन टूलने कापून बाहेर ठेवले आणि सगळं काम एका ग्रुपमध्ये मास्कच्या, म्हणजे निवडीबाहेर बदल जाऊ न देणाऱ्या पडद्याच्या, आत घेतलं.

आता उजेड. कलर सॅम्पलर ३१ बाय ३१ पिक्सेलच्या सरासरीवर ठेवून चांगल्या भिंतीवर तीन ठिकाणी लाल, हिरवा आणि निळा यांचे आकडे घेतले. खिडकीजवळ २२६, २१९, २०५, मधोमध १९२, १८४, १७२ आणि कोपऱ्याजवळ डागाच्या वर १७८, १७०, १६०. म्हणजे पहिल्या अर्ध्या अंतरात लाल ३४ ने उतरला आणि पुढच्या अर्ध्यात फक्त १४ ने. खिडकीचा उजेड असाच वागतो, जवळ झपाट्याने कमी होतो आणि लांब गेल्यावर सावकाश. त्यामुळे नुसत्या दोन रंगांचा सरळ ग्रेडियंट दिला तर मधला भाग खोटा उजळ दिसतो, तिसरा रंग मधे घालावाच लागतो. शिवाय खाली स्कर्टिंगजवळ फरशीवरून उडालेला उबदार उजेड भिंतीवर पडतो, तिथे निळा थोडा कमी होतो. तो मी डागाच्या डावीकडच्या चांगल्या भिंतीवरून त्याच उंचीवर मोजला आणि खालून वर विरत जाणारा दुसरा ग्रेडियंट अगदी कमी ओपॅसिटीने टाकला. तपासणीचा लेयर चालू-बंद करत रंग हलवत राहिले, बाहेरचे पट्टे आतल्या पट्ट्यांना न तुटता जोडले जाईपर्यंत. या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो द्यायलाच हवा, कारण इथे दोन-तीन आकड्यांचा फरक राहिला तरी मोठ्या स्क्रीनवर डाग परत दिसतो.

या वेळेला भिंत प्लास्टिकसारखी दिसत होती. पोतासाठी डागाच्या वरचा स्वच्छ तुकडा कॉपी करून नवीन लेयरवर घेतला, त्यातला रंग काढून टाकला आणि हाय पास फिल्टर ६ पिक्सेलवर लावला, ब्लेंड मोड लिनियर लाइट, ओपॅसिटी ५० टक्के. हाय पासमुळे त्या तुकड्यातला उजेडाचा चढउतार निघून जातो आणि रोलरने उठलेले बारीक दाणे तेवढे राहतात. तुकडा कुठून घ्यायचा हे फार महत्त्वाचं आहे. खिडकीजवळ दाणे ठळक, कोपऱ्यात तेच मऊ, शिवाय कॅमेऱ्यापासून लांबची भिंत असेल तर दाणे आकारानेही लहान दिसतात. आणि तुकडा आडवा उलटा करून जागा भरायची नाही, प्रत्येक दाण्याची डावी बाजू उजळ आणि उजवी सावलीत आहे, उलटवला की उजेड खिडकीच्या विरुद्ध बाजूने आल्यासारखं होतं. मी दोन वेगवेगळे तुकडे घेतले, जोडावर क्लोन स्टॅम्प फिरवला आणि २५ टक्के झूमवर बघितलं की एखादा दाणा ठराविक अंतराने परत येतोय का.

मास्कच्या कडेबद्दल मात्र सांगायलाच हवं, कारण खूप जण कड जितकी मऊ तितकं बरं असं समजतात. रंगाच्या बाबतीत ते ठीक आहे. पण मऊ कडेच्या पट्टीत जुना पोत आणि नवा पोत एकमेकांत मिसळतात, दोन्ही दाणे जुळत नसल्यामुळे एकमेकांना मारतात आणि डागाभोवती एक धूसर कडं तयार होतं. रंग आधीच तंतोतंत जुळवलेला असेल तर मऊ कड लागतच नाही, मी ३-४ पिक्सेलची आणि थोडी वेडीवाकडी कड ठेवली आणि जोड कुठे आहे ते १०० टक्के झूमवरही सापडेना.

खुर्चीची सावली डागावरच पडलेली होती, ती ओलीबरोबर गेली. ती परत केली नाही तर खुर्ची हवेत तरंगते. कर्व्हज लेयरने सावली नव्याने उतरवली, खुर्चीची पाठ भिंतीला जिथे जवळ आहे तिथे कड घट्ट, लांब जाईल तशी सैल, आणि किती गडद ते त्याच खोलीतल्या टेबलाच्या सावलीवरून ठरवलं.

भिंत झाल्यावर खाली बघितलं तर चकचकीत फरशीत तोच तपकिरी डाग उलटा दिसत होता, पोपड्यांसकट. हे बहुतेक फोटोंमध्ये राहून जातं. तिथे पोत लागत नाही, प्रतिबिंब आधीच पुसट असतं, म्हणून नवीन भिंतीचाच तुकडा उभा उलटा करून, थोडा ब्लर देऊन कमी ओपॅसिटीने बसवला आणि फरशीचे सांधे मास्कने वर काढले. तपासणीचा लेयर बंद करून ८ बिटमध्ये जेपेग काढली, वर चढवलेल्या दाण्यांमुळे पट्टे उमटले नाहीत, आणि लेयरवाली मूळ फाइल डिझायनरला सोबत दिली म्हणजे पुढे भिंतीचा शेड बदलायचा झाला तर खालचे ग्रेडियंट बदलले की झालं.