तीन खणांची पट्टी

कॉम्प्युटर आर्किटेक्चरचे पेपर तपासायला कॅप या तपासणी केंद्रावर बसलं की एक आकृती गठ्ठ्यागणिक भेटत राहते. मेमरीतल्या पत्त्याची आडवी पट्टी, तिचे तीन खण. डावीकडे टॅग, मधे इंडेक्स, उजवीकडे ऑफसेट. कुणी ती फूटपट्टीने आखतं, कुणी हातानेच फरकाटतं. खण मात्र सगळे सारख्या रुंदीचे काढतात, मग आत १८ लिहायचे असोत की ६.

प्रश्नही तसा ठरलेलाच. पत्ता ३२ बिटांचा, मेमरी बाइटगणिक मोजलेली, डायरेक्ट मॅप्ड कॅश १६ केबीची, ब्लॉक ६४ बाइटचा. पत्त्याचे भाग पाडा आणि 0x1234ABCD हा पत्ता कॅशच्या कुठल्या लाइनवर जाईल ते सांगा. कॅश म्हणजे प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी, आणि डायरेक्ट मॅप्ड म्हणजे तिच्यात प्रत्येक ब्लॉकाची जागा, म्हणजे लाइन, एकच ठरलेली.

याचं उत्तर उजवीकडून डावीकडे सोडवायचं असतं. ब्लॉकमधल्या ६४ बाइटांपैकी नेमका कुठला हवाय, हे सांगायला ६ बिटं लागतात, कारण २ चा सहावा घात ६४. तो झाला ऑफसेट. १६ केबी म्हणजे १६३८४ बाइट. त्याला ६४ ने भागलं की २५६ लाइन येतात, त्यातली एक निवडायला ८ बिटं. तो इंडेक्स. उरलेली १८ बिटं टॅग. टॅगसाठी वेगळं सूत्र नाही, ती निव्वळ वजाबाकी आहे.

इथवर बहुतेक जण सुखरूप येतात. घसरतात ते पुढे, खरा पत्ता कापताना. हेक्सचा एक अंक चार बिटांचा आणि ऑफसेट सहाचा, म्हणजे काप अंकाच्या पोटातून जातो. मुलांना अंक फोडायचा जिवावर येतो. मग शेवटचे CD उचलून ऑफसेट म्हणून लिहून टाकतात. CD म्हणजे २०५. चौसष्ट बाइटांच्या ब्लॉकात दोनशे पाचावा बाइट कुठून आणणार? ऑफसेट ६३ च्या पुढे किंवा इंडेक्स २५५ च्या पुढे गेला की काप चुकला, हे लिहिणाऱ्याला तिथल्या तिथे कळू शकतं. पण उत्तर लिहून झाल्यावर त्याच्याकडे पुन्हा बघायची चाल परीक्षेत नाही.

खरं तर ABCD तेवढं बायनरीत मांडलं की काम होतं: 1010 1011 1100 1101. उजवीकडची सहा बिटं 001101, म्हणजे ऑफसेट १३. त्याच्या डावीकडची आठ 10101111, म्हणजे लाइन १७५. उरलेली 10 ही दोन बिटं 1234 च्या शेपटीला जोडली की टॅग येतो 0x48D2. प्रोसेसर थेट १७५ व्या लाइनवर जातो, तिथला टॅग 0x48D2 आहे का ते बघतो. असला तर हिट, नसला तर मिस, मग मेमरीतून अख्खा ब्लॉक आणून जुन्यावर लिहायचा. सोबत लाइनमध्ये खरोखर काही आणलेलं आहे का हे सांगणारं व्हॅलिड बिटही बघावं लागतं, कारण मशीन नुकतं सुरू झालं असेल तर टॅगच्या जागी काहीबाही पडलेलं असतं आणि ते योगायोगाने जुळूही शकतं.

यावर पूर्ण गुण मिळतात आणि प्रश्न संपतो. मला मात्र त्यापुढचाच प्रश्न विचारावासा वाटतो, जो पेपरात क्वचित येतो: इंडेक्स मधेच का? लाइन निवडायला आठ बिटंच हवीत ना, मग डावीकडची पहिली आठ घेतली तर काय बिघडेल?

परीक्षेच्याच बैठक व्यवस्थेचं घ्या. समजा, बाक कुठला हे आसन क्रमांकावरून ठरतं. शेवटचे दोन अंक घेतले तर एका कॉलेजची ओळीने नंबर आलेली पोरं ओळीने वेगवेगळ्या बाकांवर बसतील. पहिले दोन अंक घेतले, तर अख्खं कॉलेज एकाच बाकावर आणि बाकीचा हॉल रिकामा. बाकावर बसलेला तोच का, हे पर्यवेक्षक हॉल तिकिटावरचे उरलेले अंक वाचून बघतो. टॅगचं काम तेवढंच.

प्रोग्रॅमही मेमरी ओळीनेच वाचतो. अ‍ॅरेचा एक ब्लॉक झाला की शेजारचा. शेजारच्या ब्लॉकांचे पत्ते वरच्या बिटांत बहुधा सारखेच असतात, फरक पडतो तो ऑफसेटच्या लगेच डावीकडे. वरची आठ बिटं इंडेक्स केली तर १६ मेगाबाइटचा सलग पट्टा एकाच लाइनवर येऊन आदळेल आणि उरलेल्या २५५ लाइन माशा मारतील.

संगणकशास्त्रज्ञ मॉरिस विल्क्स यांनी १९६५ साली ‘स्लेव्ह मेमरी’ या नावाने हीच कल्पना मांडली, तेव्हा उदाहरण घेतलं होतं ६४ के शब्दांच्या मुख्य मेमरीचं आणि ३२ शब्दांच्या स्लेव्हचं. पत्ता १६ बिटांचा, त्यातली खालची ५ जागा ठरवणार, वरची ११ टॅग. तिथे एका जागी एकच शब्द, म्हणून ऑफसेटचा खणच नाही. पट्टी दोन खणांची होती.

मधला इंडेक्स शेजाऱ्यांना सांभाळतो, पण बरोबर १६ केबी अंतरावरच्या दोन पत्त्यांपुढे त्याचा इलाज चालत नाही. त्यांची खालची चौदाच्या चौदा बिटं सारखी असतात. असे पत्ते काही दुर्मीळ नाहीत. चार बाइटच्या ४०९६ पूर्णांकांचा अ‍ॅरे भरतोच १६ केबी. त्याला लागून तेवढाच दुसरा असला की झालं.

```c
for (i = 0; i < 4096; i++)
    sum += a[i] * b[i];
```

`a` सुरू होतो 0x10000 ला आणि `b` 0x14000 ला, असं धरू. दोघांचा इंडेक्स ०, टॅग ४ आणि ५. `a[0]` वाचला, शून्याव्या लाइनवर त्याचा ब्लॉक आला. `b[0]` ने त्याला उठवलं. `a[1]` खरं तर आत्ताच आणलेल्या ब्लॉकात होता, पण तो ब्लॉक आता तिथे कुठे आहे? अशा ८१९२ वाचनांपैकी ८१९२ मिस. बाकीची कॅश तेव्हा मोकळी असली तरी तिचा उपयोग नाही. भांडण नसतं तर एका ब्लॉकात १६ पूर्णांक मावत असल्याने ५१२ मिसमध्ये भागलं असतं.

उतारा हास्यास्पद वाटावा इतका साधा आहे. दोघांच्या मधे ६४ बाइटची नुसती भर घालायची.

```c
struct {
    int a[4096];
    int pad[16];
    int b[4096];
} s;
```

आता `b` कायम `a` च्या एक लाइन पुढे चालतो आणि मिस पुन्हा ५१२ वर येतात. `pad` मध्ये कुणी काही ठेवत नाही, काही वाचतही नाही. कोड नीटनेटका करायच्या भरात ‘वापरात नसलेला’ म्हणून एखाद्याने तो काढला, तर उत्तर तेच येईल, फक्त प्रोग्रॅम मंदावेल आणि का मंदावला ते कोड वाचून कळणार नाही.

दुसरी वाट हार्डवेअरची. तीच कॅश टू-वे सेट असोसिएटिव्ह केली, म्हणजे प्रत्येक ब्लॉकाला एकाऐवजी दोन जागांची मुभा दिली, तर दोन-दोन लाइनचे १२८ सेट होतात. इंडेक्समधलं एक बिट टॅगकडे सरकतं: १९, ७, ६. `a` आणि `b` आता `pad` नसतानाही एकाच सेटमध्ये शेजारी बसतात, कुणी कुणाला उठवत नाही. मात्र त्याच लूपमध्ये `c[i]` नावाचा तिसरा अ‍ॅरे तेवढ्याच अंतरावर आला आणि कॅश सर्वांत जुन्या वापराचा ब्लॉक काढणारी असली, तर जो लगेच लागणार तोच दर वेळी बाहेर जातो, आणि मिस पुन्हा शंभर टक्के.